बेडरूममध्ये ओल आणि बुरशी: घरमालकांना पत्र लिहायचंय, मसुदा बघाल का?

पावसाळी_चिमणी | ९ ऑगस्ट, रात्री ११:४०

ठाण्यात सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर, ४०२ मध्ये, भाड्याने राहतो. हा तिसरा पावसाळा. बेडरूमच्या दोन भिंतींना ओल येते. पश्चिमेच्या, म्हणजे खिडकीच्या भिंतीला वरच्या बाजूला, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला खाली, कपाटामागे. मालक नाशिकला असतात. सभ्य माणूस आहे, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये रंगारी पाठवतात. तो खरवडतो, लांबी भरतो, वॉटरप्रूफ रंग लावतो. पुढच्या जुलैत पुन्हा फुगे, पोपडे, आणि त्यावर काळे ठिपके. काल कपाट पुढे ओढलं तर मुलाच्या दप्तराच्या पाठीवर हिरवट बुरशी. नवऱ्याचा लग्नातला कोट तर विचारूच नका.

फोनवर काका म्हणतात, "तुम्ही कपडे आत वाळत घालता, खिडक्या उघडत नाही, त्याने होतं." आता लेखी द्यायचं ठरवलंय. मसुदा असा:

"काका, तीन वर्षं सांगून सांगून आम्ही थकलो. घर राहण्यालायक उरलेलं नाही. भिंतींना प्रचंड ओल आहे, बुरशीने मुलाला सर्दी-खोकला सुटत नाही. तुम्ही दरवेळी नुसता रंग मारून वेळ मारून नेता. हे आता चालणार नाही. आठ दिवसांत कायमस्वरूपी बंदोबस्त करा, नाहीतर आम्हाला पुढचं पाऊल उचलावं लागेल."

नवरा म्हणतो फार तिखट झालंय. मला वाटतं अजून मिळमिळीतच आहे. तुम्ही सांगा.

बटाटावडा | ९ ऑगस्ट, रात्री ११:५२

"पुढचं पाऊल" म्हणजे नक्की कुठलं? भिंत इतकी ओली असेल तर पाऊल जपून टाका, घसराल. (दिवे घ्या.)

कायदेपंडित | १० ऑगस्ट, सकाळी ८:०५

पत्र वगैरे कशाला? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. घर राहण्यायोग्य ठेवणं मालकाचं काम. पंधरा दिवसांची नोटीस द्या. नाही केलं तर स्वतः दुरुस्ती करा आणि खर्च भाड्यातून कापून घ्या. विषय संपला.

लाल_जांभा | १० ऑगस्ट, सकाळी ९:१४

आमच्या रत्नागिरीच्या घरी जांभ्याच्या भिंती, पावसाळाभर कमरेएवढ्या ओल्या. आजोबांनी मागच्या अंगाला जोत्यालगत चर खणून पाणी परसाकडे वळवलं, तेव्हा कुठे ओल गुडघ्याखाली आली. तुम्हीही घराभोवती चर खणून बघा.

बटाटावडा | १० ऑगस्ट, सकाळी ९:२०

चौथ्या मजल्याभोवती चर! जांभादादा, फावडं घेऊन तुम्हीच या.

लाल_जांभा | १० ऑगस्ट, सकाळी ९:३१

मजला वाचलाच नव्हता. असो.

कोबा | १० ऑगस्ट, दुपारी १:४५

बावीस वर्षं वॉटरप्रूफिंगची कामं करतोय म्हणून लिहितो. ताई, पत्राची भाषा नंतर बघू. तुमच्या मसुद्यात ओल कुठून येते हेच नाही. तेच नसेल तर काका पुन्हा रंगारीच पाठवणार. दुसरं काय पाठवणार बिचारे?

तुम्ही दोन भिंती लिहिल्यात. एक वरून ओली, एक खालून. माझ्या अनुभवाने हे दोन वेगळे आजार आहेत. चार गोष्टी सांगा.

१) पश्चिमेच्या भिंतीवर डाग नेमका कुठून सुरू होतो? बीमच्या खाली आडवी रेघ दिसते का?
२) बाथरूमकडची ओल जमिनीपासून किती उंच? एप्रिल-मे महिन्यांत ती सुकते का?
३) पोपड्याखाली पांढरी, मिठासारखी भुकटी आहे की नुसते काळे ठिपके?
४) खाली ३०२ वाल्यांच्या बाथरूमच्या छताला काही आहे का? जाऊन बघून या.

सुगरण_आजी | १० ऑगस्ट, दुपारी ३:३०

बाळा, तोपर्यंत ते काळं पुसून तरी काढ. पांढरा व्हिनेगर आणि बाथरूम धुवायचं ब्लीच सारखं सारखं मिसळायचं आणि ब्रशने खसाखसा घासायचं. चकाचक होतं.

कोबा | १० ऑगस्ट, दुपारी ३:३८

आजी, माफ करा, पण हे कुणीही करू नका! ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तर मुळीच नको. आणि कोरडी बुरशी ब्रशने घासली की खोलीभर उडते. मास्क लावून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अलगद पुसायची आणि फडकं फेकून द्यायचं. प्लास्टरवर ब्लीच लावून काळेपणा जातो, पण मूळ आत राहतं. ओल असेपर्यंत ती पुन्हा येणारच.

आणि ताई, पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.

सुगरण_आजी | १० ऑगस्ट, दुपारी ४:०२

अगंबाई. आमच्याकडे गच्चीवरच्या मोरीत करायचे, म्हणून काही झालं नसेल. बरं झालं सांगितलंस.

घरमालक_एक | १० ऑगस्ट, रात्री ९:१०

दुसरी बाजू पण ऐका. माझा डोंबिवलीला फ्लॅट आहे, मी पुण्यात. भाडेकरूंनी दोन महिने ओरडा केला. मी रजा काढून गेलो, तर बेडरूममध्ये तीन दोऱ्या, त्यावर ओले टॉवेल, खिडक्या सेलोटेपने बंद (डास येतात म्हणून), आणि चोवीस तास एसी. तिथे बुरशी येणार नाही तर काय केशर उगवणार? मालक नेहमी खोटंच बोलतो असं नसतं. ताईंनी आठ दिवसांची धमकी मला दिली असती तर मी "घर सोडा" म्हणालो असतो. ठाण्यात भाडेकरू मिळायला वेळ लागत नाही.

पावसाळी_चिमणी | १० ऑगस्ट, रात्री ११:१५

कपडे आम्हीही घालतो हो आत वाळत, जुलैमध्ये दुसरीकडे कुठे घालणार? पण मग हॉलमध्ये बुरशी का नाही? दोऱ्या तर हॉलमध्येच आहेत.

कोबादादा, उत्तरं. पश्चिमेला बीमच्या बरोबर खाली आडवी रेघ आहे, साधारण चार फूट लांब, आणि डाग तिथून खाली ओघळल्यासारखा. पोपड्याखाली पांढरी भुकटी आहे. बाथरूमकडची ओल जमिनीपासून दीड फूट, लाकडी स्कर्टिंग फुगलंय.

एप्रिलचं आठवत नव्हतं. मग मुलाच्या वाढदिवसाचे फोटो काढले. २० एप्रिल. फुग्यांच्या मागे, कपाटाच्या शेजारी, खाली तपकिरी डाग स्वच्छ दिसतोय! तेव्हा कुणाचं लक्षच गेलं नाही, सगळे केकच्या मागे.

३०२ च्या वहिनींकडे उद्या जाते.

कोबा | ११ ऑगस्ट, सकाळी ७:२०

तो वाढदिवसाचा फोटो जपून ठेवा, तुमच्या पत्रातला सगळ्यात वजनदार कागद तोच. एप्रिलमध्ये ठाण्यात पाऊस नाही आणि कपडेही बाहेर वाळतात. तरी भिंत ओली, म्हणजे पाणी बाथरूममधून येतंय.

पश्चिमेचं वेगळं. आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस वाऱ्यासकट पश्चिमेच्या भिंतीवरच आपटतो. बीम काँक्रीटचा, त्याखालची भिंत ब्लॉकची. दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगवेगळं, म्हणून सांध्यावर केसासारखी आडवी चीर पडते. बाहेरच्या प्लास्टरमध्ये ती आली की पाणी आत शिरतं, ब्लॉकमधले क्षार विरघळवून घेतं आणि आतल्या बाजूला सुकताना तीच पांढरी भुकटी सोडतं. भुकटी दिसली म्हणजे पाणी भिंतीतून आरपार आलंय. खोलीतल्या दमट हवेने नुसते काळे ठिपके येतात, भुकटी येत नाही.

म्हणूनच आतून वॉटरप्रूफ रंग फसतो. पाणी मागून येतंय आणि तुम्ही पुढचं दार लावताय. ते रंगाला ढकलून फुगा काढतं.

घरच्या घरी एक गोष्ट करा. चांगल्या उजेडाच्या दिवशी भिंतीचा थोडा भाग फडक्याने कोरडा करून त्यावर जेवणाच्या डब्याला गुंडाळतो तो फॉइल, वीतभर बाय वीतभर, चारही कडांना टेप लावून चिकटवा. दोन दिवसांनी काढा. पाणी भिंतीकडच्या अंगाला असेल तर ते भिंतीतून आलं, खोलीकडच्या अंगाला असेल तर हवेतून. पावसाळ्यात हा फक्त इशारा समजा, त्यावर कोर्टकचेरी नको.

टेम्सकाठी | ११ ऑगस्ट, दुपारी २:३०

वाचतेय. इंग्लंडमध्ये आमच्या भाड्याच्या घरात उलटं होतं. बाहेर दोन अंश, आत हीटर, त्यामुळे भिंत थंड आणि श्वासाचं पाणी तिच्यावर साचून बुरशी. मालकाचं उत्तर मात्र शब्दशः तुमच्या काकांचंच: कपडे आत वाळवता, खिडकी उघडत नाही. इथे रॉचडेलमध्ये २०२० साली सामाजिक गृहसंस्थेच्या घरात बुरशीमुळे दोन वर्षांचं मूल गेलं. कुटुंबाने वारंवार तक्रार केली होती आणि दोष त्यांच्या राहणीला दिला गेला होता. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, अशा तक्रारीची ठरलेल्या मुदतीत चौकशी बंधनकारक करणारा, आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून सामाजिक गृहसंस्थांना तो लागू झाला. माझा मालक खाजगी, त्यामुळे मी अजून टॉवेलने भिंत पुसतेय.

मुलाचा खोकला पत्रात लिहाच, पण डॉक्टरांनी जे सांगितलं तेवढंच.

निवृत्त_सेक्रेटरी | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

नऊ वर्षं सोसायटीचा सचिव होतो. दोन मुद्दे.

पहिला कायदेपंडितांसाठी. कलम १४ आहे, बरोबर. पण त्यातही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही, आणि ते कलम 'भाडेकरू'साठी आहे. ताईंचा करार लीव्ह अँड लायसन्सचा असणार, आजकाल सगळ्यांचा तोच असतो. तिथे तुम्ही लायसन्सधारक. त्यामुळे आधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. भाडं कापलंत तर मालक सरळ 'थकबाकी' म्हणेल आणि डिपॉझिटमधून वळती करेल.

दुसरा जास्त कामाचा. आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करायची. बाथरूमची आतली गळती सदस्याने स्वतःच्या खर्चाने. म्हणजे तुमच्या दोन भिंतींचे दोन वेगळे धनी आहेत. काकांना एकच ढोबळ तक्रार गेली तर ते म्हणणार सोसायटीचं काम, सोसायटी म्हणणार फ्लॅटवाल्याचं काम, आणि चेंडू तीन वर्षं हवेत. माझ्या काळात आम्हीही असे चेंडू टोलवलेत, खोटं कशाला बोलू.

शिवाय सोसायटी भाडेकरूचं पत्र दप्तरी लावून गप्प बसते. अर्ज सदस्याचा लागतो. तेव्हा काकांच्या नावे सोसायटीला द्यायचा अर्ज तुम्हीच तयार करून पत्राला जोडा. त्यांना फक्त सही करायची राहील. नाशिकला बसलेल्या माणसाकडून काम करून घ्यायचं तर त्याचं काम कमी करा.

कायदेपंडित | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६:४४

लायसन्सधारकाला काही हक्कच नाहीत असं म्हणायचंय का?

निवृत्त_सेक्रेटरी | ११ ऑगस्ट, सायंकाळी ७:०२

करारात लिहिलेले आहेत. म्हणून तर म्हणतो, करार वाचा.

पावसाळी_चिमणी | १३ ऑगस्ट, रात्री १०:२०

करार वाचला. "किरकोळ दुरुस्ती लायसन्सधारकाने, मोठी व बांधकामाची दुरुस्ती लायसन्स देणाऱ्याने" असं आहे. आणि शेवटी: घर आहे त्या स्थितीत परत द्यायचं, "नेहमीची झीज सोडून". पोटात गोळा आला. हे फुगलेलं स्कर्टिंग उद्या आमच्या डिपॉझिटवर यायचं!

३०२ मध्ये गेले. त्यांनी बाथरूमला फॉल्स सीलिंग केलंय, त्याच्या कोपऱ्यात एक डबा ठेवलाय! दर दोन दिवसांनी ओततात म्हणे. मी विचारलं, आम्हाला का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "तुम्ही भाड्याचे, तुम्हाला कशाला त्रास."

फॉइल: पश्चिमेला पाणी भिंतीकडच्या अंगाला. बाथरूमकडे तसंच. तिसरा तुकडा मी कपाटामागे वरच्या कोपऱ्यात लावला होता, जिथे नुसते काळे ठिपके आहेत. तिथे भिंतीकडचं अंग कोरडं, खोलीकडे दमट.

घरमालक_एक | १३ ऑगस्ट, रात्री १०:३१

बघा! तिसरा तुकडा तुमच्या दोऱ्यांचा.

कोबा | १४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

घरमालकसाहेब, एक तृतीयांश मार्क तुमचे. कपाट भिंतीला चिकटलेलं असलं की मागे हवा फिरत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात बुरशीला तेवढं पुरतं. पाणी ठिबकायला लागत नाही. ताई, कपाट चार बोटं पुढे ओढून ठेवा आणि हे पत्रात स्वतःहून कबूल करा. बाकीच्या दोन गोष्टी मग काकांना जास्त पटतील.

आता बाथरूम. गळती भिंतीतल्या नळाच्या पाइपची आहे की फरशीची, हे कळायला हवं, कारण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. गणपतीला गावी जाणार आहात का? त्या बाथरूमचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, फक्त वापर नको. ३०२ च्या वहिनींना डब्यावर लक्ष ठेवायला सांगा. पाइप फुटका असेल तर त्यात दाब कायम असतो, थेंब चालूच राहतील. फरशीतून किंवा न्हाणी ट्रॅपच्या भोवती मुरत असेल तर तुम्ही नसताना दोन-तीन दिवसांत थांबेल. भिंतीकडे बघू नका, ती पाच दिवसांत सुकत नाही.

बटाटावडा | १४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

बाप्पा यंदा विघ्नहर्ता कम प्लंबिंग इन्स्पेक्टर.

मी_कल्याणकर | १६ ऑगस्ट, दुपारी १२:००

आमच्याकडे एकाने भिंतीत भोकं पाडून केमिकल इंजेक्शन मारलं, पाच वर्षांची गॅरंटी म्हणाला. कुणाला अनुभव? मला तर तो माणूस नंतर फोनच उचलत नाही.

कोबा | १६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

काँक्रीटच्या चिरेत इंजेक्शन चालतं. ब्लॉकच्या भिंतीत मी तरी मारत नाही, एका जागी बंद केलं की पाणी शेजारून वाट काढतं. काही जण शपथेवर सांगतात की टिकतं. असेल.

पावसाळी_चिमणी | धागा पुन्हा वर काढतेय

गणपतीहून आलो. सहा रात्री घर बंद, व्हॉल्व्ह उघडा. वहिनींनी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या: पहिल्या दिवशी नेहमीसारखं, दुसऱ्या दिवशी तळाशी थोडं, तिसऱ्या दिवसापासून डबा कोरडा. आम्ही आल्यावर आंघोळी झाल्या आणि संध्याकाळी टपटप सुरू!

नवा मसुदा. "काका" लिहावं की "श्री." यावर घरात अर्धा तास वाद झाला.

"प्रति, श्री. ________ यांस,
स. न. वि. वि.

विषय: फ्लॅट ४०२ च्या बेडरूममधील ओल व बुरशी, कारणासह, आणि कायमच्या दुरुस्तीबाबत.

काका, गेल्या दोन ऑक्टोबरमध्ये आपण स्वखर्चाने रंगकाम करून दिलंत, त्याबद्दल आभारी आहोत. तरीही दोन्ही वेळा जुलैत ओल परत आली. त्यामुळे या वेळी रंगाआधी कारण दूर व्हावं अशी विनंती आहे. आमच्या पाहणीत तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या.

पहिली, पश्चिमेची भिंत. बीमखाली सुमारे चार फूट आडवी चीर, तिथून ओघळ, पोपड्याखाली पांढरी भुकटी. वाऱ्याचा पाऊस झाला की डाग वाढतो. हे पाणी बाहेरून येतं आणि ती दुरुस्ती सोसायटीकडे येते असं कळतं. आपल्या नावे सोसायटीला द्यायचा अर्ज सोबत जोडला आहे. कृपया सही करून पाठवावा, मी सचिवांकडे देऊन पोच घेईन.

दुसरी, बाथरूमलगतची भिंत. जमिनीपासून दीड फूट ओल. २० एप्रिलच्या फोटोतही ती दिसते, म्हणजे हिचा पावसाशी संबंध नाही. ३०२ च्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतं. आम्ही सहा दिवस गावी असताना ते तिसऱ्या दिवशी थांबलं आणि परत आल्यावर त्याच दिवशी सुरू झालं. म्हणून गळती फरशी किंवा न्हाणी ट्रॅपच्या भोवती असावी. आपण माणूस पाठवून खात्री करून घ्यावी ही विनंती. कुठल्याही शनिवार-रविवारी आम्ही घरी आहोत. काम चालू असताना दुसरं बाथरूम वापरू.

तिसरी, कपाटामागचे काळे ठिपके. तिथे हवा खेळत नव्हती. कपाट पुढे ओढलं आहे, ती जागा आम्ही स्वच्छ ठेवू.

आतलं प्लास्टर व रंग ही दोन्ही कामं झाल्यावर आणि भिंत सुकल्यावरच करावीत, नाहीतर आपला खर्च पुन्हा वाया जाईल. मुलाला खोकल्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी त्या खोलीत झोपवू नका असं सांगितलं आहे, म्हणून आम्ही तिघं सध्या हॉलमध्ये झोपतो. बाथरूमच्या पाहणीची तारीख पंधरा दिवसांत कळवावी.

भिंती व स्कर्टिंगचं हे नुकसान गळतीमुळे झालेलं आहे, याची नोंद म्हणून तारखेसह अकरा फोटो सोबत जोडत आहे.

कळावे, लोभ असावा."

निवृत्त_सेक्रेटरी | त्याच रात्री

ठीक. डिपॉझिटचं नाव न घेता डिपॉझिटची सोय केलीत, हे आवडलं. व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हींवर पाठवा, आणि एक प्रत स्पीड पोस्टाने. काकांना आधी फोन करून सांगा की कागद येतोय, नाहीतर पोस्टमनच्या हातून असा कागद आला की माणूस बिथरतो. सोसायटीच्या अर्जात 'झुला लावून बाहेरून पाहणी' हे शब्द घाला, म्हणजे कुणी खालून दुर्बीण लावून "चीर नाही" म्हणणार नाही.

कोबा | दुसऱ्या दिवशी

पाहणीला येणाऱ्या माणसाला आधी न्हाणी ट्रॅप बंद करून फरशीवर दोन इंच पाणी एक दिवस साठवायला सांगा. ३०२ ला थेंब वाढले तर फरशी नक्की. तो आल्या आल्या "सगळ्या लाद्या फोडाव्या लागतील" म्हणाला तर थांबवा. आधी ट्रॅपभोवतीची जागा उघडून बघायची, लाद्यांचे सांधे खरवडून इपॉक्सीने भरायचे. तेवढ्याने भागलं तर एका-दोन दिवसांचं काम. खालचा कोबाच गेला असेल तर मात्र फोडण्याला इलाज नाही, आठवडा जातो.

बाहेरचं काम दिवाळीनंतरच. ओल्या भिंतीवर पॉलिमरचं मसाला-कोटिंग धरत नाही. चीर व्ही आकारात उघडून भरायची, सांध्यावर जाळी घेऊन प्लास्टर, मग कोटिंग. आतला रंग फेब्रुवारीच्या आत नको. इथे सगळे घाई करतात.

घरमालक_एक | दुसऱ्या दिवशी

असं पत्र मला आलं असतं तर मी सही करून अर्ज पाठवला असता. बाथरूमच्या खर्चावर मात्र एक रात्र झोप लागली नसती.

लाल_जांभा | दुसऱ्या दिवशी

आणि चर?

पावसाळी_चिमणी | नऊ दिवसांनी

अपडेट. काकांनी अर्जावर सही करून कुरियर केला. सचिवांनी पोच दिली, वर तोंडी म्हणाले, "एका फ्लॅटसाठी झुला परवडत नाही, जनरल बॉडीत घेऊ." आता पश्चिमेच्या भिंतीवाल्या ३०२, ५०२, ६०२ ला विचारतेय त्यांच्याकडेही रेघ आहे का. ५०२ मध्ये आहे, त्यांनी त्यावर निसर्गचित्राचा वॉलपेपर लावलाय.

बाथरूमसाठी काकांचा माणूस रविवारी येऊन गेला. पाणी साठवलं, सहा तासांत वहिनींचा डबा भरला. ट्रॅपच्या भोवतीचं सिमेंट बोटाने निघालं, मी स्वतः बघितलं. काका फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे मी दोन वर्षं रंगाला पैसे घातले ते वायाच." मी काही बोलले नाही. सांध्यांचं काम पुढच्या शनिवारी.

खर्चात निम्मे तुम्ही द्याल का, असं जाता जाता विचारलंय. काय उत्तर देऊ?

कायदेपंडित | पाच मिनिटांनी

एक पैसा देऊ नका!

निवृत्त_सेक्रेटरी | थोड्या वेळाने

करारातलं ते वाक्य, "मोठी व बांधकामाची दुरुस्ती", फोटो काढून पाठवा आणि खाली लिहा, "काका, शनिवारी चहाला माणसासोबत तुम्हीही या." एवढंच.